वळलं की अडखळतं: माउसचा पोलिंग रेट, रॉ इनपुट आणि पॉइंटर कसे जुळवायचे

एका मित्राने ८००० हर्ट्झचा नवा माउस घेतला आणि दुसऱ्याच दिवशी वैतागून फोन केला. "अरे, जुनाच बरा होता. एका जागी उभं राहिलं की सगळं गुळगुळीत, आणि कोपऱ्यावर वळायला गेलं की चित्र अडखळतं." त्याचं मशीन काही जुनाट नव्हतं: सहा कोअरचा प्रोसेसर, २४० हर्ट्झचा मॉनिटर. माउसही बिघडलेला नव्हता. खोक्यातून काढल्या काढल्या त्याने सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा सगळ्यात मोठा आकडा निवडला होता, एवढंच. त्या संध्याकाळी आम्ही जे तपासलं ते त्याच क्रमाने इथे मांडतो. क्रम का, तर विंडोजमध्ये आणि खेळात गडबड असेल तोवर पोलिंग रेट कितीही बदला, फरक कशाचा पडला ते कळत नाही.

हा आकडा नेमका काय मोजतो

पोलिंग रेट म्हणजे कॉम्प्युटर माउसला सेकंदाला किती वेळा विचारतो, "हललास का?" १२५ हर्ट्झला दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा होते, १००० ला दर १ मिलिसेकंदाने, ८००० ला दर ०.१२५ मिलिसेकंदाने. हात हलला आणि विचारणा नुकतीच होऊन गेली असेल, तर पुढच्या फेरीपर्यंत ती हालचाल माउसमध्येच पडून राहते. सरासरी धरली तर अर्ध्या फेरीइतका वेळ जातो. म्हणजे १२५ वरून १००० वर आलात तर सरासरी साडेतीन मिलिसेकंद वाचतात. १००० वरून ८००० वर गेलात तर वाचतो अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. पहिली उडी हाताला कळते. दुसरी उडी फक्त वेळेच्या हिशोबाने पाहिली तर जवळजवळ कुणालाच कळणार नाही.

दुसऱ्या उडीचा खरा फायदा वेगळा आहे, तो म्हणजे हालचालीचा समानपणा. २४० फ्रेमवर खेळताना एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची असते. माउस १२५ हर्ट्झचा असेल तर जवळजवळ दर दुसऱ्या फ्रेमला नवी माहितीच नसते. हात एकसारखा सरकतोय, पण क्रॉसहेअर एक फ्रेम थांबतो आणि पुढच्या फ्रेमला दुप्पट सरकतो. १००० हर्ट्झला प्रत्येक फ्रेममध्ये माउसची चार उत्तरं, म्हणजे रिपोर्ट, येतात, अधूनमधून पाच. चार आणि पाचमधली ही तफावत बारीक थरथरीसारखी असते. सरावलेल्या डोळ्याला वेगवान मॉनिटरवर कधी कधी दिसते. ४००० ला हेच सोळा किंवा सतरा होतात आणि तफावत जवळपास विरून जाते. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर एका फ्रेममध्ये १००० चे सोळा-सतरा रिपोर्ट तसेही बसतात, त्यामुळे तिथे ८००० साठी धडपडण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

विंडोजचा पॉइंटर: दोन मिनिटांचं काम

Win+R दाबा, `main.cpl` लिहा, उघडलेल्या खिडकीत Pointer Options वर जा. तिथे "Enhance pointer precision" असं भारदस्त नाव असलेली एक चौकट आहे. नावावर जाऊ नका. ही चौकट म्हणजे अॅक्सेलरेशन: हात जितका जोरात सरकेल तितका पॉइंटर जास्त पुढे नेणारी सोय. डेस्कटॉपवर ती वाईट नाही, पण नेम धरताना तेवढंच अंतर सरकलेला हात एकदा तीस अंश वळवतो आणि एकदा चाळीस. स्नायूंना शिकायला काही ठाम उरतच नाही. टिक काढून टाका.

त्याच पानावर वेगाची पट्टी आहे, अकरा खुणांची. सहावी खूण म्हणजे एकास एक: माउसने एक काउंट, म्हणजे त्याला मोजता येणारी सर्वांत लहान हालचाल, पाठवला की पॉइंटर एक पिक्सेल सरकतो. आठवीवर तो दोन पिक्सेल उडतो, चौथीवर दोन काउंट जमल्याशिवाय हलत नाही. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये हीच पट्टी १ ते २० अशी दिसते आणि तिथे मधली जागा १० आहे. डोळ्यांवर विश्वास नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
reg query "HKCU\Control Panel\Mouse" /v MouseSensitivity
reg query "HKCU\Control Panel\Mouse" /v MouseSpeed
```

पहिल्या ओळीचं उत्तर 10 आणि दुसरीचं 0 आलं की झालं. मित्राकडे दुसरीचं उत्तर 1 आलं, म्हणजे अॅक्सेलरेशन चालू. तो म्हणाला, "पण मी तर कधीच बंद केलं होतं." केलंही असेल. विंडोज नव्याने टाकलं की ही टिक परत येते आणि कुणाच्या लक्षात राहत नाही.

रॉ इनपुट चालू आहे का, हे स्वतः तपासा

खेळाला माउसची हालचाल दोन वाटांनी मिळू शकते. एक वाट विंडोजच्या पॉइंटरमधून जाते: आधी पट्टीचा गुणाकार, मग अॅक्सेलरेशन, मग पॉइंटर कुठे पोचला ते खेळाला सांगायचं. दुसरी वाट म्हणजे रॉ इनपुट. ती विंडोज एक्सपीपासून आहे. तिच्यात माउसने पाठवलेले काउंट जसेच्या तसे खेळाच्या हातात पडतात. पट्टी आणि टिक दोन्ही बाजूला राहतात.

काउंटर-स्ट्राइकच्या जुन्या आवृत्तीत यासाठी `m_rawinput 1` लिहावं लागे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तो पर्याय शोधत बसू नका, खेळ रॉ इनपुटच वापरतो. पण प्रत्येक खेळाच्या सेटिंग्जमध्ये काय लिहिलंय यापेक्षा मला एक साधी चाचणी जास्त भरवशाची वाटते. सराव मैदानात जा. माउसपॅडवर एक पट्टी किंवा पुस्तक टेकवा, त्याला लागून माउस सरकवा आणि पूर्ण गोल फिरायला किती अंतर लागतं ते पाहा. आता खेळ तसाच ठेवून विंडोजची पट्टी अगदी डावीकडे ओढा आणि पुन्हा फिरा. अंतर तेवढंच राहिलं तर रॉ इनपुट चालू आहे. फिरायला कितीतरी जास्त सरकवावं लागलं, तर खेळ पॉइंटरच्या वाटेने चालतोय. पट्टी परत जागेवर आणायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माउस मेला असं समजून केबल बदलत बसलो होतो.

याच पुस्तकाच्या आधाराने अॅक्सेलरेशनही पकडता येतं. क्रॉसहेअर एखाद्या खुणेवर ठेवा, माउस पुस्तकाला टेकवा, सावकाश वीस सेंटिमीटर बाजूला न्या आणि मग झटक्यात परत आणून टेकवा. क्रॉसहेअर त्याच खुणेवर आला पाहिजे. किंचित फरक हाताचा असतो. दरवेळी एकाच दिशेला घसरत असेल तर मधे कुठेतरी अॅक्सेलरेशन आहे. ते विंडोजचं नसेल तर खेळाच्या सेटिंग्जमध्ये किंवा माउसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधा.

रॉ इनपुट चालू आहे हे ठरलं की एक गोष्ट मोकळी होते, जी बरेच जण सांगत नाहीत: मग विंडोजची पट्टी सहाव्या खुणेवरच हवी असा हट्ट उरत नाही. डेस्कटॉपवर पॉइंटर फार पळत असेल तर ती खाली आणा, नेमावर परिणाम शून्य. फक्त खेळातल्या मेनूमध्ये पॉइंटर विंडोजचाच असतो, तो सावकाश होईल.

व्हॅलोरंटमध्ये याशिवाय Raw Input Buffer नावाचा पर्याय आहे. नेहमीच्या पद्धतीत खेळ प्रत्येक रिपोर्टसाठी विंडोजकडे वेगळा हात पसरतो. बफर चालू केला की तोवर साठलेले सगळे रिपोर्ट एकदम उचलतो. १००० हर्ट्झला फरक नगण्य, पण ८००० ला सेकंदाला आठ हजार वेळा हात पसरण्यापेक्षा गठ्ठा उचलणं प्रोसेसरला बरंच स्वस्त पडतं. माउस १००० च्या वरचा असेल तर चालू ठेवा.

डीपीआय: फुकटातली कमाई

मित्र ४०० डीपीआयवर खेळायचा, कारण त्याचे आवडते खेळाडू ४०० वर खेळतात. इथेच त्याचा ८००० हर्ट्झ वाया जात होता.

डीपीआय म्हणजे एक इंच सरकल्यावर माउस किती काउंट मोजतो. एखाद्या शत्रूच्या मागे क्रॉसहेअर सावकाश फिरवताना हात सेकंदाला साधारण दोन इंच सरकतो असं धरा. ४०० डीपीआयला त्या सेकंदात फक्त ८०० काउंट तयार होतात. कॉम्प्युटर आठ हजार वेळा विचारतोय, पण सांगण्यासारखं काही फार तर आठशे वेळाच असतं. उरलेल्या विचारणा रिकाम्या हाताने परत जातात. आठ हजार रिपोर्ट भरायला ४०० डीपीआयवर सेकंदाला वीस इंच, म्हणजे अर्धा मीटर वेगाने हात फिरवावा लागेल. १६०० डीपीआयला पाच इंच पुरतात. पोलिंग रेट मोजणाऱ्या साधनात "माझा माउस ८००० दाखवतच नाही" अशी तक्रार करणाऱ्यांचं उत्तरही बहुतेक वेळा हेच असतं: डीपीआय वाढवा आणि जोरात गोल फिरवा.

पण खरी गंमत पोलिंग रेटच्या पलीकडे आहे. दोन इंचांच्याच वेगाने ४०० डीपीआयला दोन काउंटमध्ये १.२५ मिलिसेकंद जातात, १६०० ला ०.३१. हात हलायला लागल्यापासून पहिला काउंट बाहेर पडेपर्यंतचा जास्तीत जास्त वेळ जवळपास एका मिलिसेकंदाने कमी झाला. १००० वरून ८००० हर्ट्झवर गेल्यावर जितका कमी होतो, साधारण तितकाच. आणि यासाठी प्रोसेसरवर तेवढा भारही पडत नाही, नवा माउसही लागत नाही.

वळण्याचं अंतर तेच ठेवायचं तर सेन्सिटिव्हिटी त्याच प्रमाणात खाली आणायची. काउंटर-स्ट्राइकमध्ये एका काउंटला सेन्सिटिव्हिटी गुणिले ०.०२२ अंश वळण मिळतं. मित्राचं गणित असं झालं:

```
360 / (0.022 × 2.0 × 400)  = 20.45 inch
360 / (0.022 × 0.5 × 1600) = 20.45 inch
```

दोन्हीकडे पूर्ण गोलाला २०.४५ इंच, म्हणजे जवळपास ५२ सेंटिमीटर. डीपीआय चौपट, सेन्सिटिव्हिटी पावपट. पहिला अर्धा तास त्याला "काहीतरी वेगळं" वाटत राहिलं, म्हणून पुस्तक टेकवून पुन्हा मोजलं. अंतर तेच निघालं आणि कुरकुर थांबली. डेस्कटॉपवर पॉइंटर सुसाट पळू लागला, त्यासाठी विंडोजची पट्टी चौथ्या खुणेवर आणली.

फार वर जाण्यात मात्र हशील नाही. काही सेन्सर खूप वरच्या डीपीआयला हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मागच्या मोजमापांशी सरासरी काढतात, आणि सरासरी म्हणजे उशीर. १६०० हा आकडा मला पुरेसा वाटतो.

आता पोलिंग रेट ठरवा, अंदाजाने नाही, मोजून

प्रत्येक रिपोर्ट प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावतो. मग विंडोज तो रिपोर्ट खेळाला देतं, आणि खेळाशिवाय ज्या ज्या प्रोग्रॅमने माउस ऐकायची परवानगी मागितली आहे त्यांनाही: चॅटचा ओव्हरले, रेकॉर्डिंगचं साधन, दिव्यांचे रंग बदलणारं सॉफ्टवेअर. हा त्रास इतका पसरला होता की मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज ११ मध्ये बदल करून मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमना मिळणारे रिपोर्ट मर्यादित केले. जुन्या विंडोजवर ८००० चालवणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

स्पर्धात्मक शूटर मुळात प्रोसेसरवर अवलंबून असतात. त्यामुळे माउस हलला की फ्रेम पडतात, थांबला की सावरतात. मित्राची तक्रार शब्दशः हीच होती. मोजायला CapFrameX हे फुकट साधन पुरतं. सराव मैदानात एकाच जागी उभे राहा. आधी माउस स्थिर ठेवून तीस सेकंद नोंद करा, मग तीस सेकंद जोरात गोल फिरवत. हेच १०००, २०००, ४००० आणि ८००० ला करा, प्रत्येकी तीनदा. सरासरी फ्रेम पाहू नका. ती बरंच काही लपवते. सर्वांत वाईट १ टक्का फ्रेमचा आकडा आणि फ्रेमटाइमचा आलेख पाहा. फिरवताना आलेखात काटे उभे राहत असतील तर तो रेट तुमच्या मशीनला झेपत नाही.

मित्राकडे १००० आणि २००० चे आलेख एकमेकांवर ठेवले तर वेगळे सांगता येत नव्हते. ४००० ला अधूनमधून काटा. ८००० ला कंगव्याचे दात. दिव्यांचं सॉफ्टवेअर आणि ओव्हरले बंद केल्यावर ४००० चा आलेख सपाट झाला, ८००० चे दात कमी झाले पण गेले नाहीत. मग प्रश्नच मिटला: ४०००, आणि ओव्हरले हवाच असेल त्या दिवशी २०००. एक काटा दहा मिलिसेकंदांचा असेल तर पोलिंग रेटने वाचवलेला अर्धा मिलिसेकंद कुठल्या कुठे वाहून जातो.

आलेख सपाट, तरी क्रॉसहेअर उडतो?

मग प्रोसेसरचा दोष नाही. रिपोर्टच वेळेवर पोचत नाहीयेत. बिनतारी माउसचा रिसीव्हर केबिनेटच्या मागे, यूएसबी ३ च्या पोर्टांच्या गर्दीत खुपसलेला असेल तर संशय तिथेच घ्या. यूएसबी ३ च्या केबल आणि उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करतात, आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. माउससोबत आलेली एक्स्टेंशन केबल वापरून रिसीव्हर टेबलावर, माउसपासून वीतभर अंतरावर आणा. बाहेरची हार्ड डिस्क जवळ असेल तर ती हलवा. तारेच्या माउसला यूएसबी हब नको. मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात थेट लावा.

याची खूण वेगळी असते. प्रोसेसर कमी पडतो तेव्हा सगळं चित्र अडखळतं, पळणारा शत्रूसुद्धा. रेडिओ तुटतो तेव्हा चित्र नीट चालू राहतं, फक्त तुमचा नेम क्षणभर गोठतो आणि मग उडी मारतो.

बिनतारी माउसची बॅटरी वरच्या रेटला बरीच लवकर उतरते. कागदपत्रांसाठी १०००, खेळासाठी ४००० असे दोन प्रोफाइल ठेवणं सोयीचं, फक्त ते माउसच्या स्वतःच्या मेमरीत साठवा. सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवलेलं प्रोफाइल ते सॉफ्टवेअर चालू नसताना लागू होईलच असं नाही, आणि अपडेटनंतर ते गपचूप मूळ आकड्यांवर जाऊ शकतं. मित्राने तीन आठवड्यांनी पुन्हा फोन केला, "वळण बदललंय." पुस्तक टेकवून मोजायला सांगितलं तर गोलाला १३ इंचच लागत होते. डीपीआय १६०० चं २५०० होऊन बसलं होतं.